डब्यातले राणीछाप रुपये: फोटोवरून किंमत कशी काढायची

लक्ष्मीपूजनाला बाहेर येणारा चांदीच्या रुपयांचा डबा बऱ्याच घरांत असतो. आजीआजोबांनी ठेवलेले हे पंधरावीस रुपये वर्षातून एकदा हळदकुंकू लावून पुन्हा आत जातात. मग कधीतरी वाटणीची वेळ येते किंवा कोणीतरी 'याचे लाखो मिळतात' असा व्हिडिओ दाखवतो, आणि डब्याचे फोटो जाणकाराकडे पाठवले जातात. अशा फोटोंवरून अंदाज कसा बांधायचा आणि तो कुठपर्यंत खरा धरायचा, ते इथे ब्रिटिश काळातल्या एक रुपयाच्या नाण्यावरून पाहू. घरोघरी सर्वांत जास्त सापडणारं नाणं तेच, आणि त्याचा हिशेब नीट लागतो.

फोटोवरून तीन गोष्टी समजतात: नाणं कोणत्या प्रकारचं आहे, ते किती झिजलंय आणि त्याला कोणी घासलंय का. वजन आणि धातू मात्र फोटोत दिसत नाहीत. म्हणून आधी चांदीच्या भावाने तळाची किंमत काढायची आणि त्यानंतर त्या तळाच्या वर जाणारी नाणी शोधायची. लोक नेमकं उलटं करतात. आधी दुर्मीळ नाण्याची यादी उघडतात आणि आपलं नाणं तिच्यात बसवू पाहतात.

फोटो काढताना

सगळी नाणी परातीत पसरून काढलेल्या एका फोटोवरून नाणी किती आहेत एवढंच कळतं. अंदाजासाठी प्रत्येक नाण्याचे दोन फोटो लागतात, एक चेहऱ्याच्या बाजूचा आणि एक तारखेच्या बाजूचा. वेगळं वाटणाऱ्या नाण्याच्या कडेचा तिसरा फोटो घ्या.

दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ टेबलावर साधा पांढरा किंवा करडा कागद ठेवा. फ्लॅश बंद ठेवा, कारण चांदीवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि नेमका चेहऱ्याचा भाग जळून जातो. फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून नाण्याच्या बरोबर वर, वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीवर धरा आणि दुप्पट झूम करा. फोन फार जवळ नेला तर त्याचीच सावली पडते आणि नाणं मधे फुगल्यासारखं दिसतं. उजेड एका बाजूने, तिरका यायला हवा. सरळ वरून आलेल्या उजेडात झिजलेलं नाणंही गुळगुळीत आणि छान दिसतं. तिरक्या उजेडात उंचवट्यांची सावली पडते आणि काय शिल्लक राहिलंय ते कळतं.

नाण्याशेजारी हल्लीचं दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, जुन्या रुपयाचा साधारण साडेतीस. फोटो संगणकावर उघडून दहाचं नाणं 540 पिक्सेल भरलं, तर रुपया 610 च्या आसपास भरायला हवा. 540 किंवा त्याहून कमी भरला, तर तो रुपया नसून अर्ध्या रुपयाची अधेली असू शकते किंवा कोणीतरी केलेली नक्कल. दोन्ही नाणी फोटोच्या मध्याजवळ हवीत, कारण कडेला ती ताणलेली दिसतात.

नाणं बोटांत धरून हळूहळू फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओही घ्या. न वापरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ही टांकसाळीची झळाळी एकाच फोटोत ओळखता येत नाही, फिरत्या चित्रात लगेच कळते. आणि सगळं व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. चित्र म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि तारखेखालचे बारीक ठिपके पुसले जातात. पुढे त्याच ठिपक्यांवर सगळं अवलंबून असतं.

फोटो काढायच्या आधी नाणी घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही नको. काळपटपणा हा चांदीवरचा वर्षानुवर्षांचा थर असतो आणि संग्राहक त्यालाच पैसे देतात. हळदकुंकू जाड बसलं असेल तर नाणं साध्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका.

चेहरा, तारीख आणि चांदी

ईस्ट इंडिया कंपनीने 1835 मध्ये सगळीकडे चालणारा एकसारखा रुपया सुरू केला. त्यावर चौथ्या विल्यमचा चेहरा आहे. पुढे व्हिक्टोरियाची नाणी दोन तारखांवर फार मोठ्या संख्येने निघाली, 1840 आणि 1862. गंमत अशी की या तारखा गोठवलेल्या आहेत. 1840 छापलेला रुपया 1850 च्या दशकातही पडत होता आणि 1862 ची तारीख 1874 पर्यंत चालली. 'हे 1840 चं आहे, म्हणजे फार जुनं' हे म्हणणं म्हणूनच अर्धंच खरं, शिवाय जुनं म्हणजे महाग असंही नाही. 1877 पासून व्हिक्टोरियाचं नाव 'एम्प्रेस' म्हणून येतं. त्यानंतर 1903 ते 1910 बिनमुकुटाचा सातवा एडवर्ड, 1911 पासून मुकुटधारी पाचवा जॉर्ज आणि 1938 पासून सहावा जॉर्ज.

1939 पर्यंतच्या या सगळ्या रुपयांचं ठरलेलं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि चांदी 91.7 टक्के. एका नाण्यात 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 ते 1945 च्या रुपयाचं वजन तेच, पण चांदी निम्मी, म्हणजे 5.83 ग्रॅम. 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया निकेलचा. त्यात चांदी अजिबात नाही आणि तो चुंबकाला चिकटतो. डब्यात सहाव्या जॉर्जची सगळी नाणी एकसारखी पांढरी दिसतात, त्यामुळे तारीख न वाचता केलेला हिशेब इथेच चुकतो.

सराफाकडे आणखी एक सापळा असतो. आपल्याकडे आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात, तर रुपयाचा तोळा 11.66 ग्रॅमचा. 'तोळ्याचा भाव' गुणिले नाण्यांची संख्या असा हिशेब कोणी मांडला, तर प्रत्येक नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त धातू कागदावरून गायब होतो. हिशेब नेहमी ग्रॅममध्येच करा.

वजनाचे फोटो मागवा

फोटोतून वजन दिसत नसलं, तरी वजनकाट्याचा फोटो दिसतो. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा सराफाकडे असतोच. घराघरात फिरलेला रुपया साधारण 11.3 ते 11.6 ग्रॅम भरतो. 11.66 च्या बराच वर किंवा 11 च्या खाली गेला, तर नाणं बाजूला काढा.

मात्र वजन बरोबर असलं म्हणून धातूही चांदीचाच असेल असं नाही. त्यासाठी घरच्या घरी एक चाचणी होते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं लटकवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवतो, तितक्या ग्रॅम पाण्याची जागा नाण्याने घेतली आहे. चांगल्या चांदीचा रुपया 1.13 च्या आसपास दाखवतो. त्याच वजनाचं जर्मन सिल्व्हरचं नाणं 1.35 च्या पुढे जातं. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो, म्हणून नाणं पाण्यात एकदा हलवून घ्या. ही चाचणी 91.7 टक्के चांदीच्या नाण्यांसाठी आहे. 1940 नंतरचा मिश्रधातू हलका असल्याने त्याचा आकडा जास्तच येतो, आणि तो पाहून नाणं खोटं ठरवू नका.

झीज आणि घासलेली चांदी

झीज ओळखायला नाण्याचा सर्वांत उंच भाग बघा. व्हिक्टोरियावर कानावरचे केस आणि अंगरख्याची नक्षी, एडवर्डवर कानावरचे केस आणि दाढी, पाचव्या जॉर्जवर मुकुटाची रत्नं आणि झग्यावरचा छोटा हत्ती. हत्तीचे पाय आणि सोंड वेगवेगळी दिसत असतील तर नाणं चांगलं. हत्ती म्हणजे नुसता गोळा झाला असेल तर मध्यम. तारीख आणि नाव वाचता येतं, पण चेहरा सपाट झालाय, तर ते चांदीच्या भावाचंच नाणं. संग्राहक याला न वापरलेल्या नाण्यापासून उतरत्या क्रमाने यूएनसी, एक्सएफ, व्हीएफ, फाइन अशी नावं देतात. फोटोवरून यूएनसी असं कधीच लिहू नका. फार तर 'एक्सएफ किंवा वरचं, हातात घेऊन बघायला हवं' असं लिहा.

घासलेल्या नाण्याची खूण वेगळी असते. तिरक्या उजेडात एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा दिसतात, आणि अक्षरांच्या मधल्या मोकळ्या भागात चकाकी असूनही त्यांच्या कोपऱ्यांत काळा मळ तसाच राहतो. रसायनात बुडवलेलं नाणं दुधासारखं पांढरं पण निस्तेज दिसतं. व्हिडिओत त्यावर ते फिरणारं चाक येत नाही. अशा नाण्याचं संग्रहमूल्य बरंच पडतं आणि पुन्हा वर येत नाही.

महाराष्ट्रातल्या डब्यांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे माळेत ओवलेले रुपये. कडी काढून टाकली तरी वरच्या कडेवर डाखाचा राखाडी ठिपका उरतो आणि तिथले कडेचे दात पुसलेले असतात. म्हणून राजाच्या डोक्यावरच्या कडेचा फोटो मुद्दाम मागवा. पुढून निर्दोष दिसणारं नाणं अशा वेळी पुन्हा चांदीच्या भावावर येतं.

वरची किंमत कुठे लपते

बहुतेक डब्यांत ती लपलेलीच नसते. पण काही जागा तपासण्यासारख्या आहेत. 1862 च्या रुपयात तारखेच्या आसपासचे ठिपके मोजा. मुंबईच्या टांकसाळीने गोठवलेल्या तारखेखाली नाणं नेमकं कधी पडलं ते या ठिपक्यांनी नोंदवलं, आणि काही मांडण्या इतरांपेक्षा कमी सापडतात. 1840 मध्ये राणीचं नाव डोक्यावरून सलग जातं की दोन्ही बाजूंना तुटतं ते लिहून घ्या. ते प्रकार वेगळे मानले जातात.

1911 च्या रुपयाची गोष्ट सर्वांना आवडते. झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, नाणी परत घेतली आणि 1912 पासून हत्ती नव्याने कोरला. म्हणून 1911 ला नेहमीपेक्षा जास्त मागणी असते. पण हे नाणं तितकं दुर्मीळ नाही, आणि झिजलेल्या नाण्यावर हत्तीच दिसत नसेल तर गोष्टीचे पैसे कोणी देत नाही. पाचव्या जॉर्जच्या शेवटच्या तारखा, 1921 आणि 1922, आधीच्या वर्षांपेक्षा कमी दिसतात.

1939 चा रुपया मात्र खरोखर दुर्मीळ आहे. म्हणूनच 1938 च्या आठाचा खालचा भाग कोरून नऊ केलेली नाणी फिरतात. फोटो मोठा करून शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग नाण्याच्या बाकीच्या सपाट जमिनीसारखाच आहे का, आकड्याचं पोट आणि शेपूट नैसर्गिक आहे का, ते बघा. तरीही फोटोवरून त्यावर रक्कम लिहू नका. 'तज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा' एवढंच लिहिणं प्रामाणिक.

साच्यातून ओतलेल्या नकला वेगळ्या ओळखू येतात. अक्षरांच्या कडा बोथट, जमिनीवर बारीक खड्डे, आणि कडेला मधोमध सांध्याची रेष. सर्वांत पक्की खूण एकत्रित फोटोत मिळते. दोन नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा असेल तर ती एकाच साच्यातली आहेत. खऱ्या नाण्यांना ओरखडे व्यवहारात पडतात, ते जुळ्यांसारखे सारखे नसतात.

याच डब्यात पितळी किंवा तांब्याचा, रामदरबार किंवा हनुमान असलेला, 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं लिहिलेला तुकडा असेल, तर त्याची किंमत धातूइतकीच. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही. त्याच तुकड्यांना 'तांदूळ खेचणारं' म्हणून विकणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले आहेत. वैष्णोदेवी असलेली हल्लीची पाच-दहा रुपयांची नाणी आणि 786 नंबरच्या नोटा लाखोंना घेतो म्हणणाऱ्यांचाही हाच धंदा. आधी 'नोंदणी फी' मागणं ही त्यांची ओळख. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये स्वतःच जाहीर केलं की अशा खरेदीविक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण कसलंही कमिशन घेत नाही.

एक डबा मांडून बघू

समजा फोटोत सोळा तुकडे आहेत. 1840 चा एक रुपया, 1862 चे तीन, 'एम्प्रेस'चे दोन, एडवर्डचे दोन, पाचव्या जॉर्जचे चार (त्यातला एक 1911 चा), 1944 चे दोन, 1947 चा एक आणि एक रामदरबारचा पितळी तुकडा.

1939 पर्यंतचे रुपये बारा. बारा गुणिले 10.69 म्हणजे 128 ग्रॅम शुद्ध चांदी. 1944 चे दोन मिळून 11.66 ग्रॅम. एकूण 140 ग्रॅम धरू. झिजेचे दोन टक्के वजा केले की 137. सोपं जावं म्हणून चांदी ग्रॅमला 100 रुपये धरली, तर तळाची किंमत 13,700. आजचा भाव घालून पुन्हा गुणा. सराफ मोडीच्या भावाने घेईल, म्हणजे याहून कमीच देईल. 1947 चा रुपया आणि पितळी तुकडा या हिशेबात शून्य.

आता फोटो पुन्हा बघा. 1840 च्या कडेवर डाखाचा ठिपका दिसतो, तो चांदीत जमा. 1862 पैकी दोन झिजलेले, तिसऱ्याचे ठिपके स्पष्ट दिसतात, तो वेगळा ठेवा. एम्प्रेसचे दोन्ही घासलेले. एडवर्डच्या एकावर दाढीचे केस वेगवेगळे दिसतात आणि व्हिडिओत चाक फिरतं, तो वेगळा. 1911 च्या हत्तीचा गोळा झालाय, तरी त्याला चांदीपेक्षा थोडं जास्त मिळेल. बाकी सगळे चांदीच्या आसपास. म्हणजे सोळांतले तीनच पुढे शोधण्यासारखे, आणि त्यांतलेही दोन नीट.

या तिघांसाठी विक्रीच्या संकेतस्थळांवरच्या मागणीच्या किमती बघू नका. तिथे कोणीही काहीही लिहितं. मुंबईचं टोडीवाला, बंगळुरूचं मरुधर आर्ट्स अशा लिलावगृहांच्या जुन्या लिलावांत प्रत्यक्ष बोली किती लागली ते बघा. तारीख, टांकसाळ आणि दर्जा तिन्ही जुळणारे तीन-चार व्यवहार घ्या आणि सर्वांत वरचा सोडून द्या. त्या आकड्यात बऱ्याचदा घेणाऱ्याचा प्रीमियम धरलेला असतो आणि विकणाऱ्याचं कमिशन वेगळं जातं, त्यामुळे मालकाच्या हातात कमी येतं.

अंदाज लिहून देताना प्रत्येक नाण्यापुढे एक आकडा नको, तीन रकाने हवेत: चांदीची किंमत, फोटोत दिसणारा दर्जा, आणि प्रत्यक्ष काय तपासायचं राहिलं. अमेरिकेतला भाऊ आपला वाटा घेऊन जाणार असेल, तर खाली आणखी एक वाक्यही लिहा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. आणि ही नाणी डब्यात नव्हे, घराचा पाया खणताना मडक्यात सापडली असतील, तर किमतीचा हिशेब बाजूला ठेवून आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे.